कोपर नव्हे, कमान सांगा

शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा सराव चालू असेल तर कधीतरी पाच मिनिटं नुसतं ऐकत उभं राहावं. चेंडू आपटल्याचा आवाज येतो, बुटांचा येतो आणि या सगळ्यावरून सरांचा आवाज येतो. "कोपर आत घे! गुडघे वाकव! मनगट सोड! खांदा उचलू नकोस!" या हाकांमध्ये चेंडूचं नाव क्वचित येतं, रिंगचं त्याहून क्वचित. सगळं बोलणं मुलाच्या शरीराविषयी चाललेलं असतं. शरीराचे तुकडे करून एकेका तुकड्याला आज्ञा दिली जात असते.

त्या आज्ञा चुकीच्या नसतात, हे आधीच सांगून टाकतो. कोपर बाहेर गेलं की चेंडू वाकडा जातो, गुडघे ताठ राहिले की तो तोकडा पडतो, हे खरंच आहे. सरांना खेळ कळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे ज्ञान सरांच्या डोक्यात राहायला हवं. चेंडू हातातून सुटत असताना ते मुलाच्या डोक्यात असू नये. मुलाला त्या क्षणी सांगायची भाषा वेगळी आहे आणि ती आपल्याला बनवावी लागेल.

क्रीडाशास्त्रात या दोन भाषांना नावं आहेत. हालचाल करताना आपल्या अवयवांवर मन ठेवणं म्हणजे आतलं लक्ष. त्या हालचालीमुळे बाहेर जे घडायचं आहे, म्हणजे चेंडूची वाट, त्याची फिरकी, रिंगची कड, त्यावर मन ठेवणं म्हणजे बाहेरचं लक्ष. "मनगट मोड" हे आतलं. "चेंडू मागच्या बाजूला फिरत गेला पाहिजे" हे बाहेरचं. दोन्ही वाक्यांमधून मनगट तेच काम करणार आहे, पण मन वेगवेगळ्या ठिकाणी उभं आहे.

हा फरक बारीक वाटतो. गॅब्रिएल वुल्फ या संशोधक बाईंनाही तो आधी स्वतःच्या अनुभवातून जाणवला. त्या शिडाच्या फळीवरून पाण्यात वळण घ्यायला शिकत होत्या. हातपाय कसे ठेवायचे याचा विचार करत असताना वळण जमेना, फळी कशी झुकते आहे याकडे लक्ष गेलं तेव्हा जमू लागलं. मग १९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुळांवर डावी-उजवीकडे सरकणारा एक पाट असतो, स्कीइंगचा सराव करायचं यंत्रच ते. त्यावर उभं राहून झोके घ्यायचे. काहींना सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर लावा. काहींना सांगितलं, पाटाच्या बाहेरच्या चाकांवर जोर लावा. चाकं पायांच्या अगदी खालीच होती. पाऊल आणि चाक यांत अंतर ते किती! तरीही चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले आणि नंतर कोणतीही सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही ते पुढे राहिले.

बास्केटबॉलमध्ये हा प्रयोग २००५ साली झाला. झॅक्री, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ जणांना फ्री थ्रो टाकायला लावले. प्रत्येकाने दोन्ही प्रकारे टाकायचं होतं. एकदा मनगटाच्या झटक्यावर लक्ष ठेवून, एकदा रिंगच्या मागच्या कडेच्या मध्यावर लक्ष ठेवून. हाताच्या स्नायूंमध्ये विजेची हालचाल किती होते आहे तेही मोजलं. रिंगकडे लक्ष असताना नेम जास्त चांगला लागला आणि दंडाच्या पुढच्या व मागच्या स्नायूंची खळबळ कमी झाली.

या दुसऱ्या निकालापाशी जरा थांबू. सूचना दिली होती मनगटाबद्दल, पण गोंधळ उडाला दंडात. दंडाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हणजे शरीर हे सुट्या भागांचं यंत्र नाही, एका भागाला धरून ठेवलं की शेजारचे भागही आपोआप आवळले जातात. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला, की जी हालचाल शरीर आपल्या आपण जुळवत असतं तिच्यात आपण जाणीवपूर्वक हात घातला, की ती जुळणी बिघडते. जिना उतरताना कोणतं पाऊल कुठे पडतंय याचा विचार करून पाहा, म्हणजे याची चव कळेल.

आता बास्केटबॉलचा नेम म्हणजे नेमकं काय मागणं आहे ते बघू, कारण बाहेरचं लक्ष म्हणजे नुसतं "रिंगकडे बघ" असं सांगणं नाही. रिंगचा आतला व्यास साधारण ४५ सेंटिमीटर. मोठ्या मुलांचा, म्हणजे ७ क्रमांकाचा चेंडू सुमारे २४ सेंटिमीटर रुंद, मुलींचा ६ क्रमांकाचा २३ च्या आसपास. वरून पाहिलं तर रिंग चेंडूच्या जवळजवळ दुप्पट आहे, म्हणजे ऐसपैस जागा. पण चेंडू वरून सरळ खाली येत नाही, तिरका येतो. ४५ अंशांच्या उताराने आला तर त्याच्या बाजूने पाहताना रिंगचं तोंड ३२ सेंटिमीटर उरतं. ३० अंशांनी, म्हणजे सपाट आला, तर साडेबावीस उरतं. त्या तोंडातून चेंडू कडेला न लागता जाऊच शकत नाही, टाकणारा कितीही तरबेज असो. म्हणून कमान हवी.

दुसरी गोष्ट दिशेची. फ्री थ्रोच्या रेषेपासून रिंगच्या मध्यापर्यंत जमिनीवरचं अंतर सव्वाचार मीटरच्या आत-बाहेर आहे. ६ क्रमांकाचा चेंडू कडेला न लागता आत जायला डावीकडे किंवा उजवीकडे फार तर ११ सेंटिमीटरची मोकळीक मिळते. या अंतरावर त्याचा हिशेब केला तर दिशेची चूक दीड अंशाच्या आत राहायला हवी. आता सांगा, आपलं कोपर दीड अंशाने कमी-जास्त झालं हे कुणाला जाणवतं? आपण मुलाला ज्या मापावर लक्ष ठेवायला सांगतो, ते माप त्याला आतून वाचताच येत नाही. उलट चेंडू रिंगच्या डाव्या कडेला लागला की उजव्या, हे त्याला लख्ख दिसतं. बाहेरच्या खुणेचा मोठा फायदा हाच की तिचा निकाल डोळ्यांसमोर येतो. कोपराचा निकाल मात्र सरांनाच माहीत असतो आणि म्हणून मूल प्रत्येक फेकीनंतर रिंगकडे न बघता सरांच्या तोंडाकडे बघायला लागतं.

हे सगळं मला सर्वांत जास्त महत्त्वाचं वाटतं ते ताम्हिणीसारख्या गावात. शहरातल्या क्लबात खेळणाऱ्या मुलीला रोज दोन तास मिळतात, पक्कं मैदान मिळतं, वर्षानुवर्षं एकच प्रशिक्षक मिळतो. तिला चुकीच्या भाषेत सांगितलं तरी हजारो वेळा चेंडू टाकता टाकता तिचं शरीर त्या भाषेतून वाट काढतं. मुळशी तालुक्याच्या घाटमाथ्यावर तसं नाही. ताम्हिणीचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या मैदानावरचा खेळ जवळजवळ बंद असतो. आणि शालेय स्पर्धांचं वेळापत्रक पावसाळ्याच्या मागोमागच सुरू होतं. अशा ठिकाणच्या मुलीला वर्षाकाठी जितक्या फेकी मिळतात, त्यांतली प्रत्येक मोलाची आहे. तिच्याजवळ वाया घालवायला काही नाही.

समजा, घाटातल्या एका शाळेत एका खांबावर रिंग लावलेली आहे आणि तेरा वर्षांची एक मुलगी खेळायला लागली आहे. उजव्या हाताची. तिचे चेंडू बहुतेक तोकडे पडतात आणि डावीकडे जातात. नेहमीची पद्धत म्हणजे तिला सांगायचं, "गुडघे जास्त वाकव, कोपर आत घे, डावा हात लवकर सोड, मनगट पूर्ण मोड." चार सूचना, चारही बरोबर. ती रेषेवर उभी राहते, चारही आठवते आणि चेंडू ढकलल्यासारखा टाकते. पुढचा चेंडू आणखी तोकडा पडतो.

मी तिथे असतो तर सगळ्यांत आधी काहीच बोललो नसतो. चेंडू हातात घेऊन त्याचा क्रमांक पाहिला असता. गावातल्या शाळेत बहुधा एकच चेंडू असतो आणि तो ७ क्रमांकाचा असतो. त्याचं वजन ५८० ते ६२० ग्रॅम. मुलींच्या ६ क्रमांकाच्या चेंडूचं वजन ५१० ते ५५० आणि लहान मुलांच्या ५ क्रमांकाचं ४७० ते ५००. मोठ्यांच्या रिंगची उंची ३.०५ मीटर, लहानग्यांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये २.६० मीटर. जड चेंडू उंच रिंगपर्यंत पोचवायला हातात बळ नसलं, की मूल तो खांद्याजवळून किंवा कमरेजवळून लोटतं. कोपर बाहेर जातं ते त्यामुळे. ही शिस्तीची चूक नव्हे, वजनाचा प्रश्न आहे आणि तो कुठल्याही सूचनेने सुटणार नाही, आतल्याही नाही आणि बाहेरच्याही नाही. तिला हलका चेंडू द्यायचा, आणि तो नसला तर रेषेवरून पुढे बोलावून रिंगपासून दोन मीटरवर उभं करायचं. चेंडू लोटणं थांबेल एवढ्या अंतरावर. मग बोलायचं.

तोकडेपणासाठी सूचना एकच: "चेंडू पुढच्या कडेवरून उचलून मागच्या कडेच्या अलीकडे टाक." यात गुडघ्याचं नाव नाही. पण चेंडू पुढच्या कडेवरून न्यायचा म्हटलं की पाय आपोआप वाकतात, कारण त्याशिवाय तो तिथे जातच नाही. कमान कमी पडत असेल तर रिंगच्या पुढे दोन हातांवर सरांनी एक लांब काठी आडवी धरायची, रिंगपेक्षा उंच, आणि म्हणायचं, "हिच्यावरून." काठीवरून गेलेला चेंडू सपाट राहू शकत नाही. कमानीचं सगळं भूमितीशास्त्र त्या एका काठीत येतं.

डावीकडे जाण्यासाठी चेंडूवरच्या काळ्या रेषांचा उपयोग करायचा. बोटांची पेरं रेषेवर आडवी येतील असा चेंडू धरायचा आणि सांगायचं, "सुटल्यावर या रेषा सरळ मागे फिरताना दिसल्या पाहिजेत, गिरक्या घेताना नाही." डाव्या हाताचा अंगठा चेंडूला बाजूने ढकलत असेल किंवा कोपर बाहेर असेल, तर रेषा तिरक्या फिरतात, लट्टू कलंडल्यासारख्या. चूक तिची तिला दिसते. मनगट, कोपर आणि डावा हात या तीन सूचना एका खुणेत मावल्या आणि कुणालाही त्यांचं नाव घ्यावं लागलं नाही.

पावसाळ्यात मैदान बंद असलं तरी यातलं बरंच काही ओसरीवर करता येतं. पाठीवर झोपायचं, चेंडू एका हाताने सरळ वर सोडायचा आणि तो परत त्याच हातात पडला पाहिजे. बाजूला पडला तर ढकलला गेला, परत आला तर सरळ गेला. रिंग नको, मैदान नको. किंवा भिंतीवर खडूने एक उभी रेघ मारायची, दोन पावलं मागे उभं राहायचं आणि चेंडू त्या रेघेवर आपटून आपल्याकडे परत यायला हवा. दोन्ही प्रकारांत सर जवळ नसले तरी चालतं. शिक्षक दिवसभर इतर तासांत अडकलेले असताना ही सोय मोठी आहे.

सूचना देताना एका वेळी एकच द्यावी आणि सलग दहा फेकींत मधे तोंड उघडू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सूचना उपयोगी पडली की नाही याचा निकाल त्याच दिवशी देऊ नये. सर शेजारी उभे राहून सांगत असताना चार जास्त गेले, तर ते सरांच्या हजेरीमुळेही असू शकतं. दोन दिवसांनी, काहीही न सांगता, दहा-दहाच्या दोन फेऱ्या टाकायला लावाव्या. आत किती गेले एवढंच न लिहिता, चुकले ते कुठे चुकले तेही लिहावं: तोकडे, लांब, डावे, उजवे. तोकडे आणि लांब अर्धे-अर्धे झाले, तर अंतराचा अंदाज जागेवर येतो आहे. डावे तेवढेच राहिले, तर रेषांची खूण अजून बसलेली नाही किंवा चेंडू अजून जड आहे. मुलगी शिकली की नाही हे त्या वहीतून कळतं. ती कशी दिसते यावरून कळत नाही. डौलदार दिसणाऱ्या फेकी चुकत राहतात आणि वेडीवाकडी दिसणारी एखादी मुलगी बसल्या जागी दहातले आठ टाकते, हे ज्याने खेळ पाहिला आहे त्याला माहीत आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा, की अगदी नवख्याला शरीराबद्दल सांगावंच लागतं. २००३ साली गोल्फवर झालेल्या एका अभ्यासात कमी कौशल्य असलेल्यांना खरंच आतलं लक्ष बरं पडलं आणि मुरलेल्यांना बाहेरचं. हे मला पटण्यासारखं आहे. ज्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा चेंडू हातात घेतला तिला हात कुठे ठेवायचा ते दाखवावंच लागेल. पण दाखवावं, हातात हात धरून ठेवून द्यावं, शब्दांनी नंतर बोलावं. शब्दांनी बोलायची वेळ येईल तेव्हा चेंडूबद्दल बोलावं. आणि दुखापतीची गोष्ट वेगळी आहे. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळत असतील तर गुडघ्याचं नाव घेऊनच बोलायला हवं, पण ते चेंडू बाजूला ठेवून, नेमाच्या सरावाच्या बाहेर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाहेरच्या लक्षाच्या बाजूने शेकडो अभ्यास आहेत आणि २०२१ साली सायकॉलॉजिकल बुलेटिन या मान्यवर नियतकालिकात त्यांचा एकत्र आढावा घेऊन बाहेरचं लक्ष सरस असल्याचं सांगितलं गेलं. तीनच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच नियतकालिकात मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा सूर लावला. त्यांचं म्हणणं असं, की सोयीचे निकालच छापले जातात आणि गैरसोयीचे कपाटात राहतात, हे हिशेबात धरलं तर हा फायदा जवळपास विरून जातो किंवा ठामपणे सांगता येत नाही. १४ जणांच्या प्रयोगावर इमला बांधू नये, हे त्यांचं सांगणं मला मान्य आहे. म्हणून "विज्ञानाने सिद्ध केलंय" असं मी म्हणणार नाही आणि ज्या शिबिरांत हे असं म्हटलं जातं तिथे कान टवकारावेत असंच सुचवीन.

मग तरीही मी माझ्या बाजूला का उभा आहे? कारण निवड आतल्या आणि बाहेरच्या लक्षात आहे, आणि "कोपर, गुडघे, मनगट" या रिवाजाच्या बाजूने तर तेवढाही पुरावा नाही. तो फक्त जुना आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत राष्ट्रीय दर्जाच्या धावपटू-खेळाडूंना विचारलं होतं, तुमचे प्रशिक्षक काय सांगतात? शंभरातल्या जवळपास पंच्याऐंशी जणांनी सांगितलं की शरीराच्या हालचालीबद्दलच सांगतात. तिथे ही गत, तर इथे सवयीला दोष कोणाला द्यायचा? सरांनी जे ऐकलं तेच ते सांगतात. पण सवय म्हणजे पुरावा नव्हे. दोन्ही भाषांचा फायदा कागदावर सारखाच निघाला, तरी बाहेरच्या भाषेत मुलीला आपली चूक आपल्या डोळ्यांनी दिसते आणि सर नसतानाही ती शिकू शकते. ज्या गावात सर नसण्याचे तास जास्त आहेत, तिथे मला एवढं कारण पुरेसं आहे.

आणखी एक कारण आहे, निवडीच्या दिवसाचं. १९९२ साली मास्टर्स या संशोधकाने गोल्फचे चेंडू ढकलायला शिकवताना काहींना नियमांची यादी देऊन शिकवलं आणि काहींना नियम कळू न देता शिकवलं. मग त्यांच्यावर दडपण आणलं. यादी शिकलेले त्या दडपणाखाली अडखळले. यादी नसलेल्यांच्या डोक्यात अडखळायला काही नव्हतं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या निवड चाचणीत आमच्या या मुलीला दोन-चार फेकी मिळतील. पुढे विभाग, राज्य, आणि तिथवर पोचणाऱ्यांना दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण. हे सगळं तिला माहीत असतं. त्या क्षणी तिच्या डोक्यात चार अवयवांची यादी असावी की एक कड, एक कमान?

भाषेचा मुद्दा शेवटी राहतो आणि तो आपला आहे. इंग्रजीत प्रशिक्षक मुलाला सांगतात, उंच ठेवलेल्या बिस्किटांच्या बरणीत हात घाल. चेंडू सुटल्यावर हात तसाच वर, बोटं खाली वळलेली राहावीत म्हणून. आपल्याकडे फडताळावरचा डबा आहे. "फडताळावरच्या डब्यातून लाडू काढतेस तसा हात राहू दे" म्हटलं की हात जागेवर राहतो, आणि मनगट, बोटं, फॉलो थ्रू यांतलं काही म्हणावं लागत नाही. पण प्रतिमा सजावट म्हणून वापरू नये. ज्या घरात फडताळ नाही तिथे ती खूण नुसता शब्द आहे. त्या मुलांना विचारावं, तुम्ही उंचावरची कोणती वस्तू हाताने काढता? ती वस्तू त्यांची, ती खूणही त्यांची. आणि वेड्यावाकड्या उपमांची रांग लावू नये. तीन उपमा एकदम सांगितल्या की ती पुन्हा यादीच झाली.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना माझी विनंती साधी आहे. आपण नेमाच्या सरावात ज्या सूचना देतो त्या एका कागदावर लिहून काढाव्यात. ज्या सूचनेत अवयवाचं नाव असेल तिच्यासमोर लिहावं, हा अवयव बरोबर वागला तर चेंडूला काय होईल. जे लिहिलंत ते मुलांना सांगा आणि अवयवाचं नाव आपल्यापाशी ठेवा. एखाद्या सूचनेसमोर काहीच लिहिता आलं नाही, तर ती सूचना आपण कशासाठी देत होतो हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. आणि कागद भरायच्या आधी शाळेच्या कपाटातला चेंडू एकदा उचलून बघा, त्यावर कोणता क्रमांक छापलेला आहे ते.